उरलेले ३,४९८ जूल गेले कुठे?

३०० केल्विन तापमानाच्या पाण्यात बुडवलेले नळकांडे घ्या. आत एक मोल आदर्श वायू, दट्ट्यावर वजनांसह १० बार दाब. वजने एकदम काढून बाहेरचा दाब १ बार केला, तर वायू दहापट फुगतो आणि २,२४५ जूल कार्य करतो. वजनांऐवजी वाळू ठेवून ती कणाकणाने काढली, तर बाहेरचा दाब आतल्यापेक्षा सतत किंचितच कमी राहतो आणि कार्य ५,७४३ जूल भरते. हेच व्युत्क्रमी प्रसरण.

मग पहिल्या वेळी ३,४९८ जूल उष्णता होऊन वाया गेले? विद्यार्थी हमखास असेच लिहितात. पण तापमान तेच, म्हणून आदर्श वायूची अंतर्गत ऊर्जाही तीच. जेवढे कार्य, तेवढीच उष्णता पाण्यातून आत येते. ते जूल पाण्यातून निघालेच नव्हते. मध्ये ३.१६ बारवर एकदाच थांबले, तरी कार्य ३,४११ जूलपर्यंत चढते.