एक कोटीचा गठ्ठा

ऑनलाइन गेम अपडेट झाला की सोबत एक लांबलचक यादी येते. कोणती तलवार कमजोर केली, कुठला राक्षस भिंतीत अडकत होता तो सोडवला, दुकानात कशाची किंमत बदलली, असं सगळं तिच्यात असतं. या यादीला पॅच नोट्स म्हणतात. बहुतेक खेळाडू ती वरवर चाळतात आणि खेळायला बसतात. ७ मे २०१३ रोजी ‘डायब्लो ३’ या गेमच्या अमेरिका विभागात १.०.८ क्रमांकाचा पॅच आला. त्यात लिलावघराबद्दल एक किरकोळ वाटणारा बदल होता: खऱ्या पैशांच्या बाजारात गोल्डचा गठ्ठा आता दहा लाखांऐवजी एक कोटीचा असेल. त्याच दिवशी काही जणांनी या बदलाच्या आधारे हवेतून गोल्ड तयार केलं, आणि कंपनीला लिलावघराला कुलूप ठोकावं लागलं.

तेव्हाच्या ‘डायब्लो ३’मध्ये दोन लिलावघरं होती. एकात गेममधलं गोल्ड देऊन वस्तू घ्यायच्या. दुसऱ्यात खरे डॉलर देऊन वस्तू घेता यायच्या आणि गोल्डही घेता यायचं. दुसरं लिलावघर जून २०१२मध्ये उघडलं होतं आणि गोल्डच्या विक्रीवर ब्लिझार्ड ही कंपनी १५ टक्के कापून घेत असे. गोल्ड सुटं विकता येत नसे, ठरलेल्या आकाराच्या गठ्ठ्यांत विकावं लागे, आणि एका गठ्ठ्याला निदान २५ सेंट तरी किंमत लावावीच लागे. म्हणजे दहा लाख गोल्ड २५ सेंटपेक्षा स्वस्त विकणं शक्यच नव्हतं.

अडचण अशी की गोल्डचा खरा भाव तोपर्यंत केव्हाच त्याखाली घसरला होता. खेळाडू राक्षस मारत राहतात, राक्षसांतून गोल्ड पडत राहतं, आणि ते खर्च होण्यापेक्षा साठण्याचा वेग मोठा असतो. गेमबाहेरचे दलाल तेच गोल्ड कितीतरी कमी दरात विकत होते. अधिकृत दुकानातला भाव नियमामुळे वर अडकलेला असल्याने गिऱ्हाईक बाहेर जात होतं. ब्लिझार्डने २५ सेंटचा नियम तसाच ठेवला आणि गठ्ठा दहापट केला. आता २५ सेंटला एक कोटी गोल्ड विकता येणार होतं. हिशेब म्हणून निर्णय बरोबर होता. भाव दाबून धरण्यापेक्षा त्याला खाली उतरू देणं केव्हाही शहाणपणाचं.

पण गठ्ठा दहापट झाला की एका वेळी विक्रीला लावता येणारी रक्कमही दहापट होते, आणि तिथे संगणकातली एक जुनी मर्यादा आडवी आली. आकडा साठवायला संगणक ठरावीक जागा देतो. ती जागा ३२ बिटांची असेल आणि त्यातला एक बिट अधिक-उणे दाखवायला राखलेला असेल, तर तिच्यात मावणारा सर्वांत मोठा आकडा २,१४,७४,८३,६४७ असतो. म्हणजे साधारण २१४ कोटी. त्याच्या पुढे मोजणी बिघडते. जुन्या स्कूटरचा किलोमीटरचा मीटर ९९,९९९नंतर पुन्हा शून्यावर येतो, तसंच काहीसं. दहा लाखांच्या गठ्ठ्यांनी ही मर्यादा ओलांडायला दोन हजारांहून जास्त गठ्ठे लागले असते. एक कोटीचे २१५ गठ्ठे पुरे.

कंपनीने नंतर दिलेल्या खुलाशाप्रमाणे, या मर्यादेपलीकडची रक्कम विक्रीला लावून तो लिलाव रद्द केला की लावल्यापेक्षा जास्त गोल्ड परत येत होतं. हे कसं होऊ शकतं ते एका काल्पनिक हिशेबाने पाहू. समजा एकाकडे ६०० कोटी गोल्ड आहे आणि त्याने ते सगळं विक्रीला लावलं. खात्यातून वजा करणारा भाग ३२ बिटांत मोजतो. त्याची एक पूर्ण फेरी सुमारे ४२९ कोटी ५० लाखांची असते, म्हणून ६०० कोटींतून त्याला फक्त उरलेले १७० कोटी ५० लाख दिसतात आणि तो तेवढेच कापतो. लिलाव रद्द झाल्यावर परतफेड करणारा दुसरा भाग मात्र मोठी जागा वापरतो आणि इमानदारीने ६०० कोटी परत देतो. खात्यात आधीचे ४२९ कोटी ५० लाख तसेच राहिलेले असतात. आता झाले १,०२९ कोटी ५० लाख. हेच पुन्हा करायचं.

खेळाडू अशा प्रकाराला ‘डुप’ म्हणतात. यात कुणी सर्व्हर फोडलेला नसतो, कुणाचा पासवर्ड चोरलेला नसतो. गेमने स्वतः दिलेली दोन बटणं फक्त एकामागून एक दाबलेली असतात. म्हणूनच पकडले गेल्यावर बरेच जण ‘आम्ही तर गेमच खेळत होतो’ असा बचाव करतात. मला तो पटत नाही. एखादं बटण चुकून एकदा दाबलं जाऊ शकतं, पण त्याच फेरीतून पुन:पुन्हा जाणाऱ्याला आपण काय करतोय ते नीट कळत असतं.

या प्रकरणात एक गोष्ट कंपनीच्या बाजूने होती. चूक जागी करायलाच आधी २१४ कोटींहून जास्त गोल्ड हाताशी लागे, आणि एवढे श्रीमंत खेळाडू थोडेच होते. पण बाजार बिघडवायला थोडेच पुरतात. ब्लिझार्डने अमेरिका विभागातली दोन्ही लिलावघरं त्याच दिवशी बंद केली. हे पाऊल नेहमी सर्वांत आधी पडतं, कारण बनवलेलं गोल्ड एकाच खात्यात आहे तोवर ते काढून घेणं सोपं असतं. ते खर्च झालं की शेकडो हातांत पसरतं. २०२१च्या नोव्हेंबरमध्ये ॲमेझॉनच्या ‘न्यू वर्ल्ड’ या गेममध्ये गोल्डचा डुप सापडला, तेव्हाही हेच केलं गेलं: खेळाडूंनी एकमेकांना गोल्ड पाठवणं, आपसातली देवाणघेवाण, संघाची तिजोरी, बाजार, सगळं एका दमात थांबवलं.

अशा वेळी निघणारी पहिली सूचना दोन-चार ओळींचीच असते: लिलावघर बंद आहे, आम्ही तपास करत आहोत. खेळाडू चिडतात, काहीतरी लपवताहेत म्हणतात. लपवतातच, आणि ते योग्य आहे. दुरुस्ती सगळ्या सर्व्हरवर चढण्याआधी कृती सांगितली, तर ज्यांना ती माहीत नव्हती तेही करून पाहतील. सविस्तर कारण नंतर यायला हवं, पण ते यायलाच हवं. पुष्कळ कंपन्या शेवटी ‘एक समस्या दूर केली’ एवढंच लिहून मोकळ्या होतात. १.०.८च्या वेळी गठ्ठ्याचा आकार, २१४ कोटींची मर्यादा आणि रद्द केलेल्या लिलावातली चूक, हे सगळं उघड सांगितलं गेलं. ते वाचून खेळाडूला निदान एवढं तरी कळलं की आपलं स्वतःचं खातं यात सापडलेलं नाही.

चूक दुरुस्त करणं यातलं सोपं काम. दुकानाचं दार बंद केलं तरी तयार झालेलं गोल्ड आत असतंच. त्यावर दोन उपाय. एक म्हणजे रोलबॅक: सगळा गेम पॅचच्या आधीच्या क्षणाला नेऊन ठेवायचा. बनावट गोल्ड मुळासकट जातं, पण त्याबरोबर ज्याने रात्रभर खेळून पातळी वाढवली किंवा ज्याला पहिल्यांदाच एखादी दुर्मीळ वस्तू मिळाली, त्याचंही जातं. शिवाय त्यासाठी सर्व्हर बराच वेळ बंद ठेवावे लागतात. दुसरा उपाय खातेतपासणीचा. प्रत्येक व्यवहाराची नोंद सर्व्हरवर असते, ती उलट दिशेने चाळत जायचं. हे वेळखाऊ असतं आणि पूर्ण कधीच होत नाही.

ब्लिझार्डने दुसरा उपाय निवडला. काही दिवसांनी त्यांनी जाहीर केलं की ४१५ खात्यांवर कारवाई करून जास्तीच्या गोल्डपैकी ८५ टक्क्यांहून अधिक परत घेतलं आहे. बंदी घातलेल्या खेळाडूंच्या लिलावांतून आलेली रक्कम ‘चिल्ड्रन्स मिरॅकल नेटवर्क हॉस्पिटल्स’ या संस्थेला देण्याचंही ठरलं. उरलेलं गोल्ड बाजारात राहिलं. ते राहणारच होतं. समजा मी माझी चांगली तलवार प्रामाणिकपणे लिलावात लावली आणि घेणाऱ्याने बनवलेल्या गोल्डने पैसे चुकवले, तर माझ्याकडून ते गोल्ड काढून घ्यायचं का? काढलं तर माझी तलवार गेली आणि पैसेही गेले.

यानंतर दुकानातल्या किमतींचा प्रश्न येतो, आणि पॅच नोट्स वाचताना इथे थांबून पाहावं. गेममध्ये दोन जातींच्या किमती असतात. लिलावातल्या किमती खेळाडू ठरवतात. गोल्ड वाढलं की त्या आपोआप चढतात आणि कमी झालं की हळूहळू उतरतात. दुसऱ्या किमती कंपनीने बांधून दिलेल्या असतात. ‘डायब्लो ३’मध्ये सर्वांत वरच्या दर्जाचं मार्कीझ रत्न बनवायला आधीची तीन रत्नं आणि वर दोन कोटी गोल्ड लागत असे. हजार कोटी बनवून बसलेल्याला हे दोन कोटी म्हणजे चिल्लर, रोज थोडा वेळ खेळणाऱ्याला मात्र मोठी बचत. डुपनंतर बाजारातलं गोल्ड शोषून घ्यायला ही बांधलेली किंमत वाढवायचा मोह होतो. तसं केलं तर ज्याच्याकडे जास्तीचं गोल्ड आहे त्याला ओरखडाही उठत नाही आणि ज्याच्याकडे नाही त्याला ते रत्न कायमचं दूर जातं. म्हणून आधी खाती तपासावीत, बाजार काही आठवडे निवळू द्यावा, मगच बांधलेल्या किमतींना हात लावावा.

असा बदल खेळाडूंना सांगायचा झाला तर मी साधारण असं लिहीन: ‘लिलाव रद्द केल्यावर जास्त गोल्ड परत मिळण्याची चूक दुरुस्त केली आहे. तिचा वारंवार वापर केलेल्या खात्यांतून ते गोल्ड काढले आहे. त्यांच्याशी सामान्य व्यवहार केलेल्या खेळाडूंवर कारवाई होणार नाही. रत्न बनवण्याची किंमत दोन कोटींवरून दीड कोटी केली आहे. या बदलाचा वरील चुकीशी संबंध नाही.’ शेवटचं वाक्य खरं असेल तरच लिहावं. संबंध असेल तर तोही स्पष्ट सांगावा, कारण दोन बदल शेजारी-शेजारी दिसले की खेळाडू एकाला दुसऱ्याची शिक्षा समजतात.

‘डायब्लो ३’मध्ये पुढे किमतींचा हा वादच संपला, पण डुपमुळे नव्हे. सप्टेंबर २०१३मध्ये कंपनीने दोन्ही लिलावघरं बंद करण्याचं जाहीर केलं. राक्षस मारून वस्तू मिळवणं हा खेळाचा गाभा, आणि वस्तू लिलावात विकत मिळू लागल्याने तोच पोकळ होतोय, असं कारण त्यांनी दिलं. १८ मार्च २०१४ रोजी लिलावघरं बंद झाली. त्यानंतर किमती राहिल्या त्या फक्त गेमने बांधून दिलेल्या.