एकसमान प्रभारित चकतीच्या अक्षावरील विद्युत क्षेत्र : वलयांच्या बेरजेतून एक विवेचन

प्रस्तावना

पदवीच्या वर्गात स्थिरविद्युतशास्त्र शिकविताना प्रभारित वलय आणि प्रभारित चकती ही दोन उदाहरणे पाठोपाठ येतात. चकती म्हणजे एकात एक बसविलेली बारीक वलये, असे मानून वलयाच्या सूत्रावरून चकतीचे सूत्र काढले जाते. सूत्र फळ्यावर सिद्ध होते, परंतु एखादा चौकस विद्यार्थी विचारतो, "वलयाच्या केंद्रस्थानी क्षेत्र शून्य असते. चकती जर वलयांचीच बनलेली असेल, तर तिच्या पृष्ठभागालगत केंद्राशी क्षेत्र शून्य का नाही?" शंका रास्त आहे. प्रस्तुत लेखात सूत्राची मांडणी करून, याच शंकेचा माग घेत, कोणते वलय किती वाटा उचलते याचा विचार केला आहे.

वलयापासून चकतीकडे

चकतीची त्रिज्या R आणि पृष्ठीय प्रभार घनता σ मानू. अक्षावर केंद्रापासून z अंतरावर बिंदू P आहे. चकतीवर r त्रिज्येचे व dr रुंदीचे वलय घेतल्यास त्याचे क्षेत्रफळ 2πr dr आणि प्रभार dq = σ 2πr dr होतो. या वलयाचा प्रत्येक अंश P पासून √(z² + r²) या समान अंतरावर असतो. समोरासमोरच्या अंशांचे अक्षाला लंब असलेले घटक परस्परांना नाहीसे करतात. अक्षाच्या दिशेचे घटक तेवढे उरतात. त्यासाठी z/√(z² + r²) या गुणकाने गुणावे लागते. हा गुणक विसरणे ही उत्तरपत्रिकांत नेहमी आढळणारी चूक होय. गुणक घेतल्यावर

dE = (σ/2ε₀) · z r dr / (z² + r²)^(3/2)

r = 0 पासून r = R पर्यंत समाकलन केले असता, z धन असताना,

E = (σ/2ε₀) [1 − z/√(z² + R²)]

z ऋण असताना, म्हणजे चकतीच्या दुसऱ्या बाजूस, क्षेत्राचे परिमाण तेच राहते व दिशा उलटते. सूत्रात z च्या जागी ऋण संख्या तशीच घातल्यास कंसाचे मूल्य एकाहून अधिक येते. असे उत्तर दिसताच चूक झाली हे ओळखावे.

एक संख्यात्मक उदाहरण

R = १० सेंमी आणि σ = १ मायक्रोकूलोम प्रति चौ. मीटर घेऊ. मग σ/2ε₀ चे मूल्य सुमारे ५६,५०० न्यूटन प्रति कूलोम येते. z = ५ सेंमी असता कंसाचे मूल्य ०.५५३ व क्षेत्र सुमारे ३१,२०० न्यूटन प्रति कूलोम होते.

आता समाकलन बाजूला ठेवून चकतीची प्रत्येकी २ सेंमी रुंदीची पाच वलये करू आणि प्रत्येकाची मध्य-त्रिज्या घेऊन बेरीज करू. σ/2ε₀ हे एकक मानल्यास वाटे असे येतात :

| मध्य-त्रिज्या (सेंमी) | z = ५ सेंमी | z = १ मिमी |
|---|---|---|
| १ | ०.०७५ | ०.१९७ |
| ३ | ०.१५१ | ०.०२२ |
| ५ | ०.१४१ | ०.००८ |
| ७ | ०.११० | ०.००४ |
| ९ | ०.०८२ | ०.००२ |
| बेरीज (अंदाजे) | ०.५६१ | ०.२३४ |
| सूत्रानुसार | ०.५५३ | ०.९९० |

पहिल्या स्तंभात अवघ्या पाच वलयांनी सुमारे दीड टक्क्याच्या आत उत्तर दिले. दुसऱ्या स्तंभात मात्र तीच पद्धत, तीच वलये असूनही उत्तर एक-चतुर्थांशाहून कमी आले. विद्यार्थ्याच्या शंकेचे मूळ नेमके येथे आहे.

कोणते वलय प्रभावी?

ठरावीक z साठी वलयाचा वाटा r / (z² + r²)^(3/2) या राशीनुसार बदलतो. केंद्राजवळच्या वलयांत प्रभार थोडा असल्याने वाटा लहान असतो. फार मोठ्या वलयांचे अंतर अधिक व तिरकेपणा जास्त असल्याने त्यांचाही वाटा घटतो. विकलन करून पाहिल्यास महत्तम वाटा r = z/√2 या त्रिज्येच्या वलयाचा असतो. z = ५ सेंमी असता ही त्रिज्या सुमारे ३.५ सेंमी येते व सारणीशी जुळते. z = १ मिमी असता ती केवळ ०.७ मिमी असते. म्हणजे प्रभावी वलये आपल्या पहिल्याच २ सेंमी रुंदीच्या पट्ट्यात दडलेली होती आणि १ सेंमी ही मध्य-त्रिज्या त्यांचे प्रतिनिधित्व करूच शकत नव्हती. वलयाची रुंदी z च्या तुलनेत लहान असली पाहिजे, हा या बेरजेचा पहिला नियम होय. रुंदी निम्मी करून उत्तर फारसे बदलत नाही ना, हे पाहणे ही त्याची सोपी कसोटी.

यावरून मूळ शंकेचे निरसन होते. बिंदू चकतीजवळ नेत गेल्यास प्रत्येक ठरावीक वलयाचा वाटा शून्याकडे जातो हे खरेच. परंतु त्याच वेळी प्रभावी वलये अधिकाधिक लहान त्रिज्येकडे सरकतात आणि त्यांची एकूण बेरीज घटत नाही. √3 z त्रिज्येपर्यंतची वलये मिळून σ/2ε₀ च्या निम्मे क्षेत्र देतात, मग z कितीही लहान असो. म्हणून आधी समाकलन व नंतर z शून्याकडे नेणे, हाच क्रम पृष्ठभागालगतचे क्षेत्र देतो. आधीच z = 0 घातल्यास शून्य मिळते. ते प्रत्यक्ष केंद्रबिंदूवरील, सममितीमुळे येणारे मूल्य आहे. त्याच्या एका बाजूस क्षेत्र +σ/2ε₀ व दुसऱ्या बाजूस −σ/2ε₀ असते. पृष्ठ ओलांडताना होणारी σ/ε₀ ची ही उडी गाऊसच्या नियमाशी सुसंगत आहे.

अनंत पत्र्याचे क्षेत्र अंतरावर का अवलंबून नसते, हेही यातूनच उलगडते. दूर गेल्यावर प्रत्येक वलयाचा परिणाम क्षीण होतो, पण त्याच प्रमाणात मोठे वलय प्रभावी होते. चकतीच्या बाबतीत ही भरपाई कडेपर्यंतच चालते.

दूरचे बिंदू आणि सूत्राची मर्यादा

z हे R च्या तुलनेत मोठे झाले की चकती बिंदुप्रभारासारखी वागू लागते. आपल्या चकतीवरील एकूण प्रभार ३१.४ नॅनोकूलोम आहे. ३० सेंमी अंतरावर बिंदुप्रभाराचे सूत्र सुमारे ८ टक्के जास्त क्षेत्र दाखविते. १ मीटरवर हा फरक पाऊण टक्क्यापर्यंत उतरतो.

एक सावधगिरी आवश्यक आहे. हे सूत्र σ सर्वत्र सारखी असेल तरच लागू पडते. विद्युतरोधक चकतीवर एकसमान प्रभार कल्पिता येतो. एकाकी धातूच्या चकतीवर मात्र प्रभार कडेकडे दाटतो. तेथे अक्षावरील क्षेत्र Q/[4πε₀(z² + R²)] असते आणि केंद्रालगत ते तेवढ्याच प्रभाराच्या एकसमान चकतीच्या निम्मे भरते. प्रश्नपत्रिकेत नुसती 'धातूची चकती' असे लिहून वरील सूत्राची अपेक्षा करणे म्हणूनच योग्य नव्हे.

समारोप

वलयांची बेरीज ही केवळ समाकलनाची पूर्वतयारी नाही. कोणत्या अंतरावर कोणते वलय बोलते हे तिच्यातून दिसते, आणि सीमा घेण्याचा क्रम का महत्त्वाचा आहे हेही कळते. वरील पाच वलयांची सारणी विद्यार्थ्यांकडून वर्गातच करवून घ्यावी. दुसरा स्तंभ चुकतो तेव्हाच खरा प्रश्न त्यांच्यासमोर उभा राहतो.