विश्लेषण : ईसीजीच्या कागदावरील प्रत्येक लहर हृदयाचे कोणते काम दाखवते?

छातीला, हातापायांना चिकटपट्ट्या लावल्या जातात, दोन-चार मिनिटांत यंत्रातून गुलाबी चौकटींचा कागद बाहेर येतो आणि त्यावर एकसारख्या उंचसखल रेषा दिसतात. ईसीजीच्या कागदाचे दर्शन बहुतेक घरांत कधी ना कधी होतेच. पण त्या रेषेत हृदयाचे ठोके नसतात. ठोका पडण्याआधी स्नायूंतून जी वीज धावते, तिची ती नोंद असते. वीज आधी, आकुंचन नंतर, हा क्रम लक्षात राहिला की कागद वाचणे बरेच सोपे होते.

कागदावरची घरे म्हणजे काय?

कागद सहसा सेकंदाला २५ मिलिमीटर या वेगाने सरकतो. त्यामुळे एक लहान घर म्हणजे ०.०४ सेकंद आणि पाच लहान घरांचे एक मोठे घर म्हणजे ०.२ सेकंद. दोन उंच सुळक्यांमधली मोठी घरे मोजून ३०० ला त्या संख्येने भागले की मिनिटाचे ठोके मिळतात. चार मोठी घरे असतील तर ठोके ७५. हे गणित ठोके नियमित असतील तरच चालते.

वीज कुठून निघते?

हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांना अलिंद आणि खालच्या दोन कप्प्यांना निलय म्हणतात. उजव्या अलिंदाच्या वरच्या भागात एसए नोड हा पेशींचा छोटा पुंजका असतो. ठिणगी तिथे पडते, पण ती इतकी क्षीण असते की कागदावर उमटतच नाही. ती दोन्ही अलिंदांच्या स्नायूंत पसरते तेव्हा पहिली छोटी, गोलसर लहर दिसते. हीच ‘पी’ लहर. तिच्या पाठोपाठ अलिंदे आकुंचन पावतात आणि उरलेले रक्त खाली ढकलतात. विश्रांतीच्या वेळी निलयांत जाणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन चतुर्थांश तोवर आपोआपच खाली उतरलेले असते. अलिंदांचा धक्का शेवटची भर घालतो.

‘पी’नंतर रेषा सपाट का होते?

कागदावरचा सर्वांत कंटाळवाणा वाटणारा हा तुकडा खरे तर सर्वांत अर्थपूर्ण आहे. अलिंदे आणि निलये यांच्यामध्ये वीज न वाहू देणारा तंतूंचा पडदा असतो. निरोगी हृदयात त्यातून जाण्याची वाट एकच, एव्ही नोड. जपानी संशोधक सुनाओ तावारा यांनी १९०६ मध्ये तिचे सविस्तर वर्णन केले. इथे वीज मुद्दाम रेंगाळते, सुमारे एक दशांश सेकंद. हा उशीर झाला नाही तर वरचे आणि खालचे कप्पे जवळजवळ एकदम आवळतील, मधल्या झडपा मिटतील आणि वरून ढकललेल्या रक्ताला वाटच उरणार नाही.

‘पी’च्या सुरुवातीपासून पुढच्या सुळक्याच्या सुरुवातीपर्यंतच्या अंतराला ‘पीआर’ म्हणतात. ते तीन ते पाच लहान घरे असावे.

सुळका आणि त्यानंतरची टेकडी

एव्ही नोडमधून सुटलेली वीज हिस गठ्ठ्यातून खाली येते, डाव्या-उजव्या फांद्यांत वाटली जाते आणि पर्किंजे तंतूंतून निलयांच्या आतल्या अस्तरावर झपाट्याने पसरते. निलयांचे स्नायू जाड असल्याने लहर उंच आणि वाट वेगवान असल्याने ती अरुंद, तीन लहान घरांपेक्षा कमी रुंदीची असते. हा ‘क्यूआरएस’ सुळका. लगेच निलये आवळू लागतात, अलिंद-निलयांमधल्या झडपा मिटतात आणि स्टेथोस्कोपमध्ये ‘लब्’ ऐकू येते. अलिंदे याच काळात पूर्वस्थितीला येत असतात, पण त्यांची नोंद सुळक्याखाली झाकली जाते.

सुळक्यानंतरच्या सपाट भागात निलये रक्त बाहेर फेकत असतात. मग ‘टी’ची ऐसपैस टेकडी येते, म्हणजे निलयांची वीज पूर्ववत होणे. टी संपता संपता महाधमनी आणि फुप्फुसधमनीच्या झडपा मिटतात, तो ‘डब्’. नंतरची सपाट रेषा म्हणजे हृदय रक्ताने भरण्याचा काळ.

एक शंका इथे रास्त आहे. वीज चढणे आणि उतरणे या उलट क्रिया, मग सुळका आणि टी बहुतेक ठिकाणी एकाच दिशेला कशा? कारण वीज आतल्या थरातून बाहेर पसरते, पण पूर्वस्थितीला बाहेरचा थर आधी येतो. क्रियाही उलटी आणि दिशाही उलटी, म्हणून लहर पुन्हा वरच.

वाट बंद पडली तर?

समजा, सत्तरीच्या एका गृहस्थांना दोनदा अचानक भोवळ आली आणि त्यांचा ईसीजी काढला. ‘पी’ लहरी दर चार मोठ्या घरांनी शिस्तीत येत आहेत, म्हणजे मिनिटाला ७५. सुळके मात्र दर नऊ घरांनी, म्हणजे मिनिटाला ३३ च्या आसपास, आणि रुंद. पहिल्या सुळक्याआधी ‘पी’ एक मोठे घर अलीकडे आहे, दुसऱ्याआधी दोन, तिसऱ्याआधी तीन आणि चौथ्या वेळी ती सुळक्यातच बुडाली आहे.

अंतर वाढत जाते आहे, तेव्हा वीज उशिरा का होईना पोहोचते आहे, असे घाईत वाटू शकते. पण तसे असते तर एखादा सुळका गळाला असता आणि सुळक्यांमधले अंतर कमी-जास्त झाले असते. इथे ते नऊ घरांवर ठाम आहे. म्हणजे वरचे आणि खालचे कप्पे आपापल्या तालावर चालले आहेत, त्यांच्यात निरोपच जात नाही. हा संपूर्ण हार्ट ब्लॉक. निलयांतल्याच एखाद्या जागेने स्वतःहून ठोके द्यायला सुरुवात केल्यामुळे हृदय चालू आहे. तिथली वीज पर्किंजेच्या जलद वाटेऐवजी बरीचशी स्नायूंतून सावकाश सरकते, म्हणून सुळके रुंद. ही पर्यायी ठिणगी बेभरवशाची असते. ती काही सेकंद थांबली की मेंदूचा रक्तपुरवठा तुटतो आणि माणूस कोसळतो.

ईसीजी काय सांगू शकत नाही?

स्नायू किती जोराने आवळला, हे त्यातून थेट कळत नाही. त्यासाठी इको लागतो. रेषा व्यवस्थित असूनही रक्त पुढे न ढकलले जाणे शक्य असते. छातीत दुखत असताना पहिला ईसीजी नॉर्मल आला म्हणून हृदयविकाराचा झटका नाही, असेही ठरत नाही. म्हणूनच रुग्णालयात तो थोड्या वेळाने पुन्हा काढतात आणि रक्तात ट्रोपोनिन तपासतात.

वरच्या उदाहरणातल्या रुग्णाला पेसमेकर लागतो. दोन तारांचा असेल तर एक तार उजव्या अलिंदात बसून ‘पी’ची चाहूल घेते आणि दुसरी उजव्या निलयाला ठिणगी देते. मात्र चाहूल लागताच यंत्र ठिणगी देत नाही. ते आधी चारएक लहान घरांइतके थांबते, एव्ही नोड थांबत असे तसेच. त्यानंतरच्या ईसीजीत प्रत्येक ‘पी’मागे ठरलेल्या अंतरावर एक बारीक उभी रेघ आणि तिला लागून रुंद सुळका दिसतो. काही पेसमेकरांत ती रेघ इतकी पुसट असते की शोधावी लागते.