‘येतो’ म्हणणाऱ्यांना आठवण कशी द्यावी?

दहावीनंतरच्या मार्गदर्शन शिबिराला ‘इन्शाअल्लाह, येतो’ म्हणणारे पुष्कळ असतात, पण ऐनवेळी खुर्च्या रिकाम्या राहतात. समजा, रविवारच्या शिबिराला जागा 60 आणि नावेही 60 आली, पण नक्की येतो असं 38 पालकांनीच कळवलं. उरलेल्या 22 जणांना आपण गुरुवारी वेगवेगळा मेसेज करू. ग्रुपवर टाकलेली आठवण दुसऱ्यासाठीच आहे, असं प्रत्येकाला वाटतं.

मेसेज असा: ‘अस्सलामु अलैकुम आपा. रविवारी सकाळी 10 वाजता शाळेच्या हॉलमध्ये शिबिर आहे. तुमच्या मुलीची जागा ठेवली आहे. येणार असाल तर 1, जमत नसेल तर 2 पाठवा. शुक्रवारी रात्री 9 पर्यंत कळवा, नाहीतर जागा दुसऱ्या मुलाला देऊ.’

यात 2 हा आकडा महत्त्वाचा. ‘नाही’ म्हणायला लोकांना संकोच वाटतो, म्हणून ते गप्प राहतात. एका आकड्यात नकार देता आला की जागा वेळेवर मोकळी होते.

तरीही उत्तर आलं नाही तर शनिवारी सकाळी एक फोन करावा. फोनही लागला नाही तर प्रतीक्षा यादीतल्या मुलाला लगेच बोलवावं, म्हणजे त्याच्या घरच्यांना तयारीला एक दिवस मिळतो.