रक्तातली एक चमचा साखर

औरंगपुऱ्यात खेड्यावरची पुष्कळ मंडळी बाजाराला येतात. भाजी विकली, खरेदी झाली, की घटकाभर बोलत बसतात. त्यांच्याकडून आम्ही एक प्रश्न फार वेळा ऐकला आहे. "गुरुजी, मी तर चहात साखर घालतच नाही. अंगानंही बारीक आहे. मग मला साखरेचा आजार कसा झाला?"

प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर नीट समजून घेऊ.

साखर येते कुठून?

मोठ्या माणसाच्या अंगात सुमारे ५ लिटर रक्त असते. एवढ्या रक्तात साखर किती असावी? निरोगी माणसाच्या सगळ्या रक्तात मिळून फक्त चहाचा एक चमचा, म्हणजे सुमारे ५ ग्रॅम. अंगाचा सारा कारभार या एका चमच्यावर चालतो.

आता जेवणाचा हिशोब करू. एका मध्यम भाकरीला सुमारे ५० ग्रॅम ज्वारीचे पीठ लागते. पिठात मुख्यतः पिष्ट असते. भाकरी तोंडात बराच वेळ चावली तर गोड लागते, हे तुम्ही पाहिले असेल. ते पिष्टच पोटात फुटते आणि त्याची साखर होते. एका भाकरीची साधारण सात चमचे साखर होते. दोन भाकरी खाल्ल्या, की चौदा चमचे झाले.

म्हणून चहात साखर घातली नाही, तरी रक्तात साखर येतेच. भाकरी, भात, पोळी, साबुदाणा या सगळ्यांची शेवटी साखरच होते. गूळ तर साखरेचा सख्खा भाऊ. "गूळ चालतो" असे म्हणणाऱ्याचे ऐकू नका.

चौदा चमचे जातात कुठे?

एक चमचा मावेल एवढ्या जागेत चौदा चमचे आले. तरीही निरोगी माणसाच्या रक्तातली साखर दीड चमच्याच्या वर सहसा जात नाही. बाकीची जाते कुठे?

पोटात जठराच्या मागे एक वीतभर लांब अवयव असतो. त्याला स्वादुपिंड म्हणतात. रक्तात साखर वाढू लागली, की स्वादुपिंडाला ते लगेच कळते. ते रक्तात एक रस सोडते. त्या रसाचे नाव इन्शुलिन.

इन्शुलिनला किल्ली समजा. आपले मांस लहान लहान पेशींचे बनलेले आहे. पेशीला जणू दार असते आणि ते एरवी बंद असते. इन्शुलिन आले, की दार उघडते आणि साखर आत जाते. मग ती कामाला वापरली जाते किंवा साठवली जाते.

दुसरे कोठार म्हणजे यकृत. बकऱ्याचे असते तेव्हा आपण त्याला कलेजी म्हणतो. इन्शुलिन यकृताला सांगते, "साखर आली आहे, भरून ठेव." यकृतात वीसेक चमचे साखर साठते. जसे कणगीत धान्य.

रात्री काय होते?

रात्री आपण जेवून झोपतो. सकाळपर्यंत पोटात काही जात नाही. पण मेंदू झोपेतही चालू असतो. त्याला तासाला जवळजवळ एक चमचा साखर लागते. रक्तात तर सगळी मिळून एकच चमचा! मग तासाभरात ती संपून माणूस बेशुद्ध का पडत नाही?

कारण यकृत कणगीचे तोंड उघडते. साखर कमी होऊ लागली, की स्वादुपिंड इन्शुलिन कमी करते आणि ग्लुकागॉन नावाचा दुसरा रस सोडते. हा रस यकृताला सांगतो, "आता थोडी थोडी बाहेर काढ." जेवण झाले की भरणे आणि उपास पडला की काढणे, असा हा कारभार रात्रंदिवस चालतो. निरोगी माणसाला त्याचा पत्ताही लागत नाही.

मधुमेहात काय बिघडते?

बिघाड मुख्यतः दोन प्रकारचा असतो.

पहिल्या प्रकारात किल्लीच तयार होत नाही. अंगातली रोगाशी लढणारी शक्ती चुकून स्वादुपिंडातल्या इन्शुलिनच्या पेशींवरच उलटते आणि त्यांना मारून टाकते. हा प्रकार बहुधा मुलांत आणि तरुणांत दिसतो. पूर्वी अशी मुले फार दिवस जगत नसत. १९२२ साली कॅनडातल्या टोरांटो शहरी चौदा वर्षांच्या एका आजारी मुलाला प्रथम इन्शुलिन टोचले आणि तो सुधारला. तेव्हापासून हा मार्ग खुला झाला. इन्शुलिन टोचावेच लागते, कारण तोंडाने घेतले तर डाळीसारखे ते पोटात पचून जाते. अशा मुलाचे इन्शुलिन कुणाच्याही सांगण्यावरून बंद करू नये. थोड्याच दिवसांत जिवावर बेतते.

दुसरा प्रकार आपल्याकडे फार मोठ्या प्रमाणात आहे. यात किल्ली असते, पण कुलूप गंजते. दार लवकर उघडत नाही. स्वादुपिंड मग जास्त इन्शुलिन सोडते. काही वर्षे असे निभते. पुढे स्वादुपिंड थकते, इन्शुलिन कमी पडते आणि साखर रक्तातच तुंबते.

एक उदाहरण

समजा, पैठणकडचे एक सोपानराव आहेत. वय अठ्ठेचाळीस. त्यांनी रक्त तपासले. सकाळी उपाशीपोटी आकडा आला १६०. जेवणानंतर दोन तासांनी आला २६०.

हा आकडा वाचायचा कसा? १०० म्हणजे आपला एक चमचा. तर सोपानरावांच्या रक्तात उपाशीपोटी दीड चमच्याहून थोडी जास्त आणि जेवणानंतर अडीच चमच्यांहून थोडी जास्त साखर आहे.

सोपानराव विचारतील, "रात्री आठनंतर मी काही खाल्लं नाही. मग सकाळी साखर वाढली कशी?" ती त्यांच्याच यकृतातून आली. इन्शुलिनचे "थांब" हे सांगणे यकृताला नीट ऐकू येत नाही. म्हणून रक्तात साखर भरपूर असूनही ते कणगी उपसतच राहते.

आता लघवीचे पाहू. मूत्रपिंड रक्त गाळते, पण साखर वाया जाऊ देत नाही. ती परत रक्तात घेते. मात्र आकडा साधारण १८० च्या वर गेला, की त्याला सगळी परत घेणे जमत नाही. मग साखर लघवीत उतरते आणि आपल्याबरोबर पाणी ओढून नेते. म्हणून वारंवार लघवी होते. अंगातले पाणी जाते, म्हणून तहान लागते. खाल्लेले अन्न पेशीत न जाता वाहून जाते, म्हणून माणूस खातो आणि वाळतो. थकवाही त्याचाच. रक्तात साखर आहे, पण पेशी उपाशी आहेत. विहीर भरलेली आणि पीक सुकते आहे, तशातली गत.

लघवीला मुंग्या लागतात ही जुनी खूण खरी आहे. पण तिच्यावर विसंबू नये. सोपानरावांचा सकाळचा आकडा १६० आहे, म्हणजे १८० च्या खाली. त्यांच्या सकाळच्या लघवीत साखर कदाचित दिसणारही नाही. मुंग्या येत नाहीत, म्हणून ते निर्धास्त राहतील आणि आजार आत वाढत जाईल. म्हणून रक्तच तपासावे.

बारीक माणसाला कसा होतो?

पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी याचा फार वर्षे अभ्यास केला आहे. १९९३ पासून त्यांनी पुण्याजवळच्या काही खेड्यांतल्या गरोदर बायका आणि त्यांची बाळे पाहिली. बाळांचे वजन सरासरी २ किलो ७०० ग्रॅमच्या आसपास भरले. इंग्लंडातल्या बाळांचे साडेतीन किलो होते. पण नवल असे, की आपल्या बाळांत मांस कमी होते आणि चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नव्हती.

२००४ साली याज्ञिकांनी आणि त्यांच्या एका इंग्रज डॉक्टर मित्राने स्वतःचीच तुलना छापली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे होते. दोघेही दिसायला सडपातळ. पण अंगातली चरबी मोजली, तेव्हा इंग्रजाची शेकडा ९ निघाली आणि याज्ञिकांची शेकडा २१.

याचा अर्थ काय? पोटाच्या आत आणि यकृतात साठलेली चरबी कुलूप गंजवते. मांस कमी असले, तर साखर ठेवायला कोठारही लहान पडते. हातपाय काडीसारखे आणि पोट मात्र पुढे आलेले, अशा माणसाने "मी बारीक आहे" म्हणून निश्चिंत राहू नये.

चालण्याने काय साधते?

गंजलेल्या दाराला आणखी एक वाट आहे. मांस काम करू लागले, की त्याची दारे इन्शुलिनशिवायही उघडतात. म्हणून जेवणानंतर थोडे चालले, की साखर उतरते. ताटातली एक भाकरी कमी करून डाळ आणि भाजी वाढवली, तर सात चमचे साखर येतच नाही. इतके करूनही आकडा खाली येत नसेल, तर डॉक्टर गोळी किंवा इन्शुलिन देतात. ते चालू असताना चालणे आणि पथ्य सोडायचे नसते.

औषध घेणाऱ्याने एक मात्र ध्यानात ठेवावे. औषध घेतले आणि जेवण चुकले, तर साखर फार उतरते. आकडा ७० च्या खाली गेला, की घाम सुटतो, हातपाय थरथरतात, छाती धडधडते, माणूस बरळतो. अशा वेळी लगेच तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजावी. पंधरा मिनिटांत उतार पडला नाही, तर पुन्हा द्यावी. माणूस बेशुद्ध असेल, तर तोंडात काही घालू नये. ते श्वासनलिकेत जाते. त्याला तडक दवाखान्यात न्यावे.

तपासणीचे आकडे

उपाशीपोटी रक्तातली साखर १०० च्या आत असावी. १०० ते १२५ म्हणजे कुलूप गंजू लागले आहे. १२६ किंवा जास्त, अथवा साखरपाणी पिऊन दोन तासांनी २०० किंवा जास्त आली, तर मधुमेह समजतात. बोटाला टोचून आलेला आकडा जास्त वाटला, तर दंडातले रक्त देऊन खात्री करून घ्यावी.

दुखत नाही म्हणून बसून राहू नये. तुंबलेली साखर वर्षानुवर्षे डोळ्यांच्या, मूत्रपिंडाच्या आणि पायांच्या बारीक रक्तवाहिन्या व नसा खराब करते, आणि तेव्हाही दुखतेच असे नाही. पायात काटा रुतला आणि कळलाच नाही, अशी पाळी येते. घरात आईला किंवा बापाला हा आजार असेल, किंवा वय तीसच्या पुढे असेल, तर गावच्या आरोग्य केंद्रात जाऊन बोटभर रक्ताचा थेंब द्यावा.