बंदुकीच्या टोकाची संगीन

बंदुकीच्या टोकाला जी सुरी लावतात तिला संगीन म्हणतात. गोळी असताना सुरी कशाला? तर जुनी बंदूक ठासणीची होती. नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी घालायची, गजाने ठासायची, मग बार काढायचा. एका मिनिटात दोन-तीनच बार व्हायचे. तेवढ्यात घोडेस्वार अंगावर आला की झालं! संगीन लावली की त्याच बंदुकीचा जवळजवळ सहा फुटी भाला व्हायचा. सुरुवातीला संगिनीची मूठ नळीच्या तोंडातच खुपसत, मग गोळीच सुटत नसे. म्हणून पुढे नळीच्या बाहेरून बसणारी संगीन केली.

आपल्या शेजारच्या जालना जिल्ह्यात, भोकरदन तालुक्यात असई गाव आहे. तिथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंदे-भोसले आणि इंग्रज यांची लढाई झाली. इंग्रजांचा सेनापती वेलस्ली होता. शिंद्यांच्या तोफांनी त्याची पुष्कळ माणसं पडली. तरी त्याचे शिपाई जवळ आले, गोळ्या झाडल्या आणि संगिनी रोखून तोफांवर धावले. शिंद्यांचे गोलंदाज पळाले नाहीत. काहीजण मेल्याचं सोंग घेऊन पडले. शिपाई पुढे गेल्यावर ते उठले आणि तोफा फिरवून मागून मारा केला! मला हे गोलंदाज फार आवडले. पण लढाई इंग्रजांनी जिंकली.

नंतर भराभर गोळ्या सुटणाऱ्या रायफली आणि मशीनगन आल्या. संगीन रोखून धावणारा माणूस जवळ पोचायच्या आधीच पडू लागला. रायफलही आखूड झाली, तिचा भाला कसा होणार? आता संगीन जास्त करून संचलनात दिसते.