सगळा खेळ ‘जर’चा

हेरॉइनसारखं व्यसन सोडण्यासाठी रुग्णालयात दाखल झालेल्या माणसाचे पहिले दिवस फार वाईट जातात. अंग मोडून येतं, झोप लागत नाही आणि डोक्यात नशेशिवाय दुसरा विचार टिकत नाही. मानसशास्त्रज्ञ वेरोनिका ब्रांडश्टेटर, पीटर गोल्वित्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशाच रुग्णांना सकाळी एक काम दिलं. नोकरीच्या अर्जाला जोडता येईल असा स्वतःचा छोटा परिचय त्यांनी संध्याकाळपर्यंत लिहून द्यायचा होता. निम्म्या रुग्णांना हा परिचय कधी आणि कुठे बसून लिहायला घेणार, हे ठरवायला सांगितलं. उरलेल्यांनीही वेळ आणि जागा ठरवली, पण ती दुपारच्या जेवणाची. संध्याकाळी पहिल्या गटातल्या दर दहापैकी आठ जणांचा परिचय लिहून तयार होता. दुसऱ्या गटातल्या एकाचाही नव्हता. गट लहान होते, त्यामुळे आकडा जपूनच घ्यायला हवा. तरीही 2001 साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगातून एक गोष्ट कळते. ज्यांच्याकडे त्या दिवशी मनोनिग्रह म्हणावा असं काहीच शिल्लक नव्हतं, त्यांनीही काम केलं. म्हणजे ते मनोनिग्रहाच्या जोरावर झालं नसणार.

मग कशाच्या जोरावर झालं? गोल्वित्झर 1990च्या दशकापासून याचं जे उत्तर देत आले आहेत, ते ‘जर अमुक घडलं, तर मी तमुक करीन’ या एका वाक्यात मावतं. मराठीत आपण बेभरवशाच्या बोलण्याला ‘जर-तरची भाषा’ म्हणतो. इथे मात्र याच दोन शब्दांनी भरवसा येतो. ‘रोज व्यायाम करीन’ या निश्चयात कृती असते, पण ती कोणत्या क्षणी करायची ते नसतं. त्यामुळे दिवसातल्या प्रत्येक क्षणी ‘आता की नंतर’ हा वाद नव्याने घालावा लागतो, आणि त्या वादात बहुतेक वेळा ‘नंतर’च जिंकतो. जर-तरच्या वाक्यात हा वाद आधीच मिटलेला असतो. ‘जर’मधली खूण मनात जागी राहते, त्यामुळे ती समोर आली की चटकन लक्षात येते, आणि तिला जोडलेली कृती फारसा विचार न करता सुरू होते. एरवी सवयीला जे काम करायला महिने लागतात, ते इथे थोड्या प्रमाणात एका वाक्यावर सोपवलेलं असतं. (पूजेच्या आधी संकल्प सोडताना गुरुजी देश आणि काळ यांचा सविस्तर उच्चार करतात. एक जानेवारीच्या आपल्या संकल्पांतून नेमका तोच भाग गळालेला असतो.)

इथे पहिला आक्षेप येतो. हे वाक्य म्हणजे नुसती आठवण नव्हे का? किंवा वाक्य लिहिण्याच्या निमित्ताने उत्साह वाढतो, इतकंच नसेल ना? ब्रिटनमधल्या एका प्रयोगात याचं चांगलं उत्तर मिळतं. तो 2002 साली प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांनी पुढच्या आठवड्यात निदान एकदा वीस मिनिटं दमदार व्यायाम करायचा होता. ज्यांना काहीच विशेष सांगितलं नव्हतं, त्यांच्यापैकी 38 टक्क्यांनी तो केला. ज्यांना व्यायामाने हृदयविकाराचा धोका कसा कमी होतो हे वाचायला दिलं होतं, त्यांचा निश्चय वाढला, पण व्यायाम केला तो 35 टक्क्यांनीच. तोच मजकूर वाचून शिवाय दिवस, वेळ आणि जागा लिहून काढणाऱ्यांमध्ये मात्र हे प्रमाण 91 टक्के होतं. उत्साह मजकूर वाचलेल्या दोन्ही गटांत होता. फरक पडला तो वेळ आणि जागा लिहिल्यामुळे.

पण व्यायाम सुरू करणं वेगळं आणि मोहाला नाही म्हणणं वेगळं. मोहाच्या बाबतीत ‘जर’ कुठला निवडायचा, हा खरा कळीचा प्रश्न आहे आणि बहुतेकांची चूक इथेच होते. समजा, एका कार्यालयात काम करणाऱ्या बाईंना रोज दुपारी फरसाण खाण्याची सवय सोडायची आहे. त्या लिहितात, ‘जर चार वाजता जागेवर फरसाण खावंसं वाटलं, तर मी सफरचंद खाईन.’ वेळ आहे, जागा आहे, कृतीही आहे. वाक्य पाठ्यपुस्तकात शोभेल असं. तरीही आठवड्याभरात ते निकामी होतं, कारण फरसाणाचा चार वाजण्याशी संबंधच नसतो. नेदरलँड्समधल्या मानसशास्त्रज्ञ मारिके आड्रियान्से यांनी 2009 साली हेच दाखवलं. अरबटचरबट खाण्याबद्दलच्या योजनेत नुसती वेळ आणि जागा लिहिण्यापेक्षा आपण का खातो ते कारण, म्हणजे कंटाळा, ताण, चारचौघांची सोबत यांपैकी जे असेल ते ‘जर’मध्ये घातलं, तर योजना अधिक लागू पडते.

म्हणून आधी आठवडाभर नुसती नोंद करायला हवी. हात डब्याकडे गेला की त्या आधीच्या पाच मिनिटांत काय चाललं होतं, ते एका ओळीत लिहायचं. आपल्या या बाईंच्या नोंदीत समजा असं दिसलं, की सातपैकी पाच वेळा नुकताच एखाद्या चिडलेल्या ग्राहकाचा फोन संपला होता. कधी अकरा वाजता, कधी पाच वाजता. मग खरा ‘जर’ सापडला: ‘जर कटकटीचा फोन ठेवल्यावर हात डब्याकडे जायला लागला, तर मी उठून पाण्याची बाटली भरून आणीन.’ इथे सफरचंदही गेलं, कारण भूक नव्हतीच. हवी होती ती जागेवरून उठण्याची सबब.

‘तर’च्या बाबतीत एकच पथ्य, पण ते कडक. ‘तर मी फरसाण खाणार नाही’ असं लिहू नये. आड्रियान्से आणि सहकाऱ्यांनी 2011 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत अशा नकारार्थी योजनांचा उलटा परिणाम दिसला. खूण आणि निषिद्ध पदार्थ यांची मनातली जोडी तुटण्याऐवजी आणखी घट्ट झाली. ते साहजिकच आहे. वाक्यात फोनच्या शेजारी फरसाणच बसवलं होतं.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: प्रयोगातले आकडे मोठे, बाहेर मात्र परिणाम फिके. हे खरं आहे. अमेरिकेतल्या एका कंपनीत कर्मचाऱ्यांना पत्रातून फ्लूची लस घेण्याचा दिवस आणि वेळ लिहून ठेवायला सांगितलं, तेव्हा लसीकरण 33 टक्क्यांवरून 37 टक्क्यांवर गेलं. ज्यांनी फक्त तारीख लिहायची होती, त्यांच्यात ठामपणे म्हणता येईल असा फरक पडला नाही. जिममध्ये जाण्याबद्दलच्या 2018च्या एका अभ्यासात तर वेळापत्रक लिहून घेण्याचा काहीच उपयोग झाला नाही. माझ्या मते या दोन निकालांत विसंगती नाही. लस एकदाच घ्यायची असते आणि तिचा क्षण ठरवता येतो. जिमला आठवडोन्‌आठवडे जायचं असतं, आणि ‘मंगळवारी सात वाजता’ ही खूण दर मंगळवारी वेगळ्याच परिस्थितीत उगवते. शिवाय ज्याला मुळात ती गोष्ट करायचीच नाही, त्याला वाक्य ढकलू शकत नाही, आणि मुरलेल्या सवयीपुढे, उदाहरणार्थ वर्षानुवर्षांच्या धूम्रपानापुढे, ते तोकडंच पडतं.

यावर उपाय म्हणून दहा वाक्यं लिहून ठेवण्याचा मोह होईल. तोही अंगलट येतो. 2012 साली एमी डाल्टन आणि स्टीफन स्पिलर यांनी दाखवलं, की एका उद्दिष्टासाठी लाभदायक ठरणारी योजना सहा उद्दिष्टांसाठी केली, की फायदा नाहीसा होतो. सगळा पसारा एकदम समोर दिसला की हे सारं निभावणं किती अवघड आहे तेच ठसतं. तेव्हा बाटलीचं वाक्य एकटंच असू द्यावं, आणि दोन आठवड्यांनी तपासावं. फोननंतर बाई उठल्या, पण येताना फरसाण घेऊन आल्या, तर ‘तर’ बदलायचा. उठायचं लक्षातच आलं नाही, तर ‘जर’ चुकलाय. मग पुन्हा आठवडाभर नोंदी.